अंगकोरचे पाणी, भात आणि माणसे : प्रस्तावना

इ.स. ८७७ मध्ये इंद्रवर्मन हा ख्मेर राजा गादीवर आला आणि राज्याभिषेकापासून पाच दिवसांच्या आत आपण खोदकाम सुरू करू, अशी प्रतिज्ञा त्याने केली. ती त्याच्या शिलालेखात नोंदलेली आहे. त्यातून उभे राहिले ते इंद्रतटाक. सुमारे ३.८ किलोमीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असे हे तळे आजच्या कंबोडियातल्या सिएम रीप शहराच्या आग्नेयेला, रोलुओस गावाजवळ होते. तळ्याच्या मध्यावरच्या बेटावर त्याचा मुलगा यशोवर्मन याने विटांची चार शिखरे उभारली आणि ८९३ मध्ये तिथे पूर्वजांच्या नावाने देवांची स्थापना केली. या मंदिराला आज लोलेई म्हणतात. त्याच्या दगडी चौकटींवर जुन्या ख्मेर भाषेत बारीक अक्षरांत नावांच्या लांबच लांब याद्या कोरल्या आहेत. ही नावे त्या मंदिराला नेमून दिलेल्या स्त्रीपुरुषांची आहेत. त्यांत गाणारे-नाचणारे आहेत, भात कांडणाऱ्या बाया आहेत, स्वयंपाकी, पत्रावळ्या लावणारे आणि शेतावर राबणारेही आहेत.

तळे, मंदिर आणि कामकऱ्यांची यादी एकाच जागी सापडावी, हा योगायोग नव्हे. पाणी अडवायला माणसे लागतात, माणसांना भात लागतो, भाताला पाणी लागते, आणि या तिन्हींचा हिशेब ठेवण्याची जागा म्हणजे मंदिर. नवव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत ख्मेर राज्याची राजधानी असलेले अंगकोर या व्यवस्थेवर चालले. अंगकोरविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले त्यात शिल्पे, समुद्रमंथनाचा पट आणि बायोनचे हसरे चेहरे पुष्कळ आहेत. ही मंदिरे उभारणाऱ्यांनी खाल्लेला भात कुठे पिकला, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. प्रस्तुत संग्रह त्याच प्रश्नाभोवती गुंफलेला आहे.

आधी भूगोल डोळ्यांसमोर आणायला हवा. उत्तरेला कुलेन हा वालुकाश्माचा बसका डोंगर. जयवर्मन दुसरा याने ८०२ मध्ये स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतले ते याच डोंगरावर. दक्षिणेला टोन्ले साप हे विशाल सरोवर. दोहोंच्या मध्ये एक सपाट मैदान, ईशान्येकडून नैऋत्येकडे किलोमीटरमागे जेमतेम मीटरभर उतरणारे. हा उतार डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. कुलेनवरून निघालेल्या लहान नद्या हे मैदान ओलांडून सरोवराला मिळतात. पाऊस वर्षाला साधारण १४०० ते १५०० मिलिमीटर, म्हणजे कोकणाच्या निम्म्याहूनही कमी, आणि तो बहुतेक सगळा मे ते ऑक्टोबर या काळात. सरोवराचा स्वभाव तर जगावेगळा आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी टोन्ले साप नदी उलटी फिरते आणि मेकाँगचे पाणी सरोवरात शिरते. उन्हाळ्यात सुमारे २५०० चौरस किलोमीटर असलेले सरोवर मग चार-पाच पट पसरते. पावसाळा सरला की ते पुन्हा आकसते आणि मागे गाळ, मासे आणि ओल ठेवून जाते.

अशा जमिनीवर भात एकाच पद्धतीने होत नाही. सरोवराच्या काठी, पुराबरोबर वाढत जाणारे उंच देठाचे तरते भात पेरतात. पूर ओसरताना काठाच्या उथळ जमिनीवर बुटक्या बांधांनी पाणी अडवून उतरत्या पाण्यावर दुसरे एक पीक घेतात. आणि सरोवरापासून वर, मैदानात, बांधबंदिस्ती केलेल्या खाचरांत पावसावरचे भात होते. क्षेत्राने सर्वांत मोठे हेच, आणि अंगकोरची मंदिरेही याच पट्ट्यात आहेत. चिनी वकिलातीबरोबर आलेला चौ ताकुआन १२९६–९७ मध्ये जवळजवळ वर्षभर इथे राहिला. वर्षाला तीन-चार पिके निघतात, असे त्याने लिहून ठेवले आणि पुढच्या अभ्यासकांत या वाक्याने मोठा घोळ घातला. ती तीन-चार पिके एकाच खाचरात निघत होती, असे मानायला आधार नाही. वेगवेगळ्या उंचीच्या जमिनींवर वेगवेगळ्या महिन्यांत कापणी चालली असेल, तर शहरात राहणाऱ्या पाहुण्याला वर्षभर नवे भात येताना दिसणारच.

मैदानातल्या भाताचा खरा शत्रू म्हणजे पावसाचे खंड. रोपे खाचरात लागली की जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बऱ्याचदा काही दिवस दडी मारतो. तो परतला, तरी दुसरा आणि अधिक मोठा धोका ऑक्टोबरात असतो. इथली गरवी भाते दिवस लहान होऊ लागल्यावर पोटरीत येतात आणि मग निसवतात. नेमक्या त्याच वेळी पाऊस आटोपता घेतो. निसवताना खाचर कोरडे पडले, तर लोंब्या उभ्या राहतात पण दाणा भरत नाही. रोह्याचा किंवा भंडाऱ्याचा शेतकरी हे वेगळे सांगायला नको इतके जाणतो. अंगकोरचे पाणी समजून घ्यायचे असेल, तर या दोन खंडांवर बोट ठेवून सुरुवात करावी लागते.

आता तळ्यांकडे वळू. ख्मेर भाषेत ज्यांना बाराय म्हणतात ती तळी खणलेली नाहीत, बांधलेली आहेत, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. चारी बाजूंनी मातीचे प्रचंड भराव घालून पाणी जमिनीच्या वर धरले आहे. माती थोडी आतून, थोडी बाहेरून उचलली. पाणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावर असल्यामुळे ते उपसावे लागत नाही. भरावाला वाट दिली की ते उताराने आपोआप दक्षिणेकडे जाते. यशोवर्मनने बांधलेले पूर्व बाराय सुमारे साडेसात किलोमीटर लांब आणि १.८ किलोमीटर रुंद. अकराव्या शतकातले पश्चिम बाराय आठ किलोमीटर लांब, २.१ किलोमीटर रुंद. बाराव्या शतकाच्या अखेरीस सातव्या जयवर्मनने उत्तरेला जयतटाक बांधले, त्याच्या मध्यावर नेआक पेआन हे लहानसे देऊळ आहे. त्यांना पाणी पुरवायला नद्या वळवल्या. आज सिएम रीप नदी म्हणून जी ओळखली जाते, तिचा मोठा भाग माणसांनी काढलेला पाट आहे.

पश्चिम बारायचे भराव घालताना मैदानातली जुनी वस्तीही पाण्याखाली गेली. दक्षिण भरावात अक युम हे त्याच्या आधीचे मंदिर अर्धे गाडले गेले आहे. देवळावर माती लोटून बांध पुढे नेला, यावरून या कामामागची निकड आणि सत्ता दोन्ही दिसतात.

ही तळी कशासाठी होती, यावर गेल्या पन्नास वर्षांत खूप वाद झाला. आधीच्या पिढीचे लक्ष दगडांवर होते. आरी मुओ याने १८६० मध्ये अंगकोर पाहिले आणि त्याच्या वर्णनाने युरोपात कुतूहल जागे झाले. १९०० च्या सुमारास स्थापन झालेल्या फ्रेंच अतिपूर्व अध्ययन संस्थेने मंदिरे मोकळी केली, ढासळलेली उभी केली आणि शिलालेख वाचले. जॉर्ज सेदेस याने आठ खंडांत प्रसिद्ध केलेले लेख आजही प्रत्येक अभ्यासकाचा पाया आहेत. १९३० च्या दशकात व्हिक्टर गोलुब्यू याने विमानातून पाहणी केली, तेव्हा मंदिरांच्या बाहेर पसरलेले पाट आणि बांध दिसू लागले.

त्यांचा एकसंध अर्थ लावला तो बेर्नार-फिलिप ग्रोलिए याने. १९७९ मधल्या निबंधात त्याने अंगकोरला जलनगरी म्हटले. बारायांच्या पाण्यावर कोरड्या ऋतूतही भात घेतले जाई, त्यावर सहा लाख माणसे जगत आणि एकूण वस्ती १९ लाख होती, असा त्याचा अंदाज होता. त्याच्या मते पाटांत गाळ साचून यंत्रणा थकली आणि तिच्याबरोबर राज्यही. या मांडणीत एक भव्य सुसंगती होती. पाणी ज्याच्या हाती त्याची हुकूमशाही, हा कार्ल विटफोगेलचा सिद्धान्त त्या काळी चर्चेत होताच. अंगकोर त्यात चपखल बसवता येत होते.

पण लगेच दुसऱ्याच वर्षी डब्ल्यू. जे. व्हान लीरे या मेकाँग खोऱ्यात काम केलेल्या जलतज्ज्ञाने हा सिद्धान्त उलटवला. बारायांना मोऱ्या दिसत नाहीत, शेतापर्यंत जाणारे पोटपाट दिसत नाहीत. ही तळी देवांसाठी आहेत, मेरूभोवतीच्या समुद्राची प्रतिकृती आहेत. ख्मेर शेतकरी आपले पाणी गावच्या छोट्या बांधांनी आणि सरोवराच्या ओसरत्या पुरावर स्वतः सांभाळत होता, असे त्याचे म्हणणे. १९९८ मध्ये रॉबर्ट ॲकर याने बारायांची साठवण आणि खालचे क्षेत्र मोजून दाखवले की ग्रोलिएच्या आकड्यांना पाणीच पुरत नाही.

मग तिसरी पिढी आली आणि तिने वाद कागदावरून जमिनीवर आणला. क्रिस्तोफ पोतिए याने १९९० च्या दशकात दक्षिण अंगकोरचा कण न् कण नकाशावर घेतला. त्याला मोऱ्या सापडल्या, पाट सापडले, आणि शेकडो लहान देवळे, तळ्या आणि वस्तीचे उंचवटे सापडले. सिडनी विद्यापीठाचे रोलंड फ्लेचर आणि डेमियन इव्हान्स यांच्या गटाने २००७ मध्ये साऱ्या परिसराचा नकाशा प्रसिद्ध केला. विरळ वस्तीचे हे शहर सुमारे १००० चौरस किलोमीटरांवर पसरलेले होते. २०१२ आणि २०१५ मध्ये विमानातून लेझर किरणांनी जंगलाखालची जमीन मोजली गेली, तेव्हा मंदिरांच्या आवारातले रस्ते, घरांचे ओटे आणि अंगणातल्या तळ्याही दिसल्या. या साऱ्या पुराव्यावरून २०२१ मध्ये तेराव्या शतकातल्या लोकसंख्येचा अंदाज सात ते नऊ लाख असा केला गेला.

या संग्रहाची भूमिका या तिघांपैकी एकाच्या पाठीशी पूर्णपणे उभी नाही. कारण समजायला एक हिशेब पुरेल, तो मी इथे मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण त्यांचे प्रमाण बोलके आहे.

पश्चिम बारायाचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर. त्यात सरासरी तीन मीटर पाणी धरले, तर साठा पाच कोटी घनमीटर होतो. कोरड्या ऋतूत पूर्ण भात घ्यायचे तर शेतावर किमान मीटरभर पाणी द्यावे लागते, म्हणजे हेक्टरी दहा हजार घनमीटर. या हिशेबाने पाच हजार हेक्टर भिजतील. पण बाराय परातीसारखे उथळ आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात जवळपास मीटरभर पाणी उन्हाने उडून जाते, काही मुरते, काही पाटात जिरते. उरलेल्या निम्म्या पाण्यावर अडीच हजार हेक्टर. हेक्टरी दीड टन साळ धरली आणि कांडल्यावर तिचा दोन तृतीयांशाहून थोडा कमी तांदूळ मानला, तर साधारण २४०० टन तांदूळ. माणशी वर्षाला २२० किलो धरले, तर जेवतील अकरा हजार माणसे. सात-आठ लाखांच्या शहरात इतक्या प्रचंड बांधकामाचे हे फळ फारच तुटपुंजे आहे. ग्रोलिएचा सिद्धान्त इथे अडखळतो.

आता तेच पाणी ऑक्टोबरात वापरून पाहू. गरवे भात निसवताना पाऊस गेला, तर त्याला तारायला २०० मिलिमीटर पाणी पुरे होते. बाराय नुकतेच काठोकाठ भरलेले आहे, बाष्पीभवनाला अजून वेळ मिळालेला नाही. पाटातली गळती वजा केली, तरी २० हजार हेक्टर वाचतील. त्यातून निघणारा तांदूळ जवळजवळ ९० हजार माणसांना वर्षभर पुरेल. याचा अर्थ, बाराय हे दुसऱ्या पिकाचे साधन म्हणून दुबळे आणि पहिल्या पिकाचे रक्षण म्हणून बळकट आहे. चांगल्या वर्षी त्याची गरज भासणार नाही, वाईट वर्षी ते नसेल तर राजधानीत भात येणार नाही. व्हान लीरेला मोऱ्या का दिसल्या नाहीत, याचाही उलगडा यातून थोडासा होतो. वर्षातून एकदा, काही आठवडे पाणी सोडायचे, तर पोटपाटांचे जाळे लागत नाही. खाचरातून खाचरात, बांधावरून बांधावर पाणी उतरवले तरी चालते, आणि तसे उतरवणाऱ्या खाचरांच्या रचना नकाशांवर दिसतात.

पूरनियंत्रण हे दुसरे काम. उत्तरेचे पाट आणि बांध डोंगरावरून येणारा लोंढा आडवा पकडून तळ्यांकडे वळवीत. दक्षिणेचे पाट जास्तीचे पाणी लवकरात लवकर सरोवरात नेऊन टाकीत. पावसाळ्याच्या ऐन भरात शहर कोरडे ठेवणे आणि पावसाळ्याच्या शेवटी शेत ओले ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच जाळ्याकडून करून घेतली जात. यात देव कुठे आले, असे विचारण्याचे कारण नाही. बेटावर विष्णूची किंवा पूर्वजांची मूर्ती बसवल्याने तळ्याचे पाणी शेतासाठी निरुपयोगी होत नाही. उलट बांधाची दुरुस्ती हे पुण्यकर्म ठरते आणि दुरुस्तीला माणसे मिळण्याची सोय होते.

ती माणसे किती? पश्चिम बारायच्या भरावाचा घेर वीस किलोमीटर. भराव सुमारे दहा मीटर उंच आणि तळाशी शंभर मीटर रुंद धरला, तर छेद ५०० चौरस मीटर आणि एकूण माती एक कोटी घनमीटर. एक घनमीटर माती म्हणजे शंभरेक टोपल्या. खणणे, वाहणे आणि चोपणे मिळून एका माणसाला एका दिवसात एक घनमीटर जमेल, असे समजू. कापणी आटोपल्यापासून पहिल्या पावसापर्यंत शेतकऱ्याच्या हाती शंभर दिवस मोकळे असतात. दहा हजार माणसे दर वर्षी शंभर दिवस राबली, तर हे काम दहा वर्षांत पुरे होते. म्हणजे राजाला लाखोंच्या फौजा नकोत, पण वर्षानुवर्षे न चुकता येणारी दहा हजार माणसे आणि त्यांच्यासाठी दर हंगामात सातशे टन तांदूळ हवा. अवघड भाग हा आहे. एकदाच माणसे गोळा करणे कोणत्याही बलदंड राजाला जमेल. दहा वर्षे ती वेळेवर आणण्यासाठी यादी लागते.

यादी मंदिराकडे होती. सातव्या जयवर्मनच्या ११८६ च्या ता प्रोम लेखात मंदिरासाठी ३१४० गावे आणि ७९,३६५ माणसे नेमल्याचे कोरले आहे. ११९१ च्या प्रेआ खान लेखात ५३२४ गावे आणि ९७,८४० माणसे. त्याच राजाच्या १०२ रुग्णालयांसाठी ८३८ गावे आणि ८१,६४० माणसे. हे आकडे अनेक पुस्तकांत थक्क होऊन उद्धृत केलेले दिसतात. मला त्यांचा भागाकार जास्त बोलका वाटतो. ता प्रोमसाठी गावामागे पंचवीस माणसे, प्रेआ खानसाठी अठरा. अख्खे गाव देवाच्या दावणीला बांधलेले नाही, गावातल्या काही घरांवर देवाची पाळी आहे. रुग्णालयांसाठी मात्र गावामागे सत्त्याण्णव येतात, म्हणजे तिथे व्यवस्था वेगळी असावी. पश्चिम बारायच्या दहा हजार मजुरांना याच मापाने मोजले, तर गावामागे पंचवीस धरून चारशे गावे पुरतात.

पाळी हा शब्द मी जाणून वापरला आहे. लोलेईच्या आणि इतर जुन्या याद्यांत माणसांचे दोन गट केलेले दिसतात, एक शुक्ल पक्षात काम करणारा आणि एक कृष्ण पक्षात. पंधरवडाभर देवाचे काम, उरलेला पंधरवडा बहुधा स्वतःच्या शेताचे. यादीत प्रत्येकाचे नाव आहे, स्त्री की पुरुष ते आहे, पदरी मूल असेल तर तेही आहे. या लोकांना ख्मेर भाषेत खञुम म्हणत. सेदेसच्या पिढीने सरळ गुलाम असे भाषांतर केले. पुढच्या अभ्यासकांनी त्यात वेठबिगार, ऋणको, युद्धकैदी, मंदिराला वाहिलेले आणि केवळ सेवेचे देणे असलेले शेतकरी असे अनेक थर वेगळे केले. चौ ताकुआनने श्रीमंतांच्या घरी शंभराहून अधिक दास पाहिले, मध्यमांकडे दहा-वीस, आणि अगदी गरिबांकडे एकही नाही. हे बहुतेक डोंगरातून धरून आणलेले लोक असत. तेव्हा सगळेच स्वखुशीने राबत होते, असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. पण सगळेच साखळदंडात होते, हेही याद्यांशी जुळत नाही.

या राज्यात नाणे नव्हते, ही गोष्ट इथे निर्णायक आहे. जमीन विकली तर किंमत चांदीच्या वजनात, कापडात, भांड्यांत, जनावरांत किंवा भातात सांगितलेली सापडते. नाणे नसेल तर कर पैशात घेता येत नाही आणि मजुरी पैशात देता येत नाही. भात आणि दिवस हीच दोन चलने उरतात. गावाने भात मंदिराकडे पाठवायचे, मंदिराने ते पुजारी, नर्तकी, कारागीर आणि बांधावरच्या माणसांना वाटायचे. लहान मंदिरे मोठ्यांना जोडलेली, मोठी राजाला. पाण्याचे जाळे आणि मंदिरांचे जाळे एकाच मैदानावर एकमेकांवर पसरलेले दिसते ते यामुळे.

इथे भारतीय अभ्यासाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ख्मेर शिलालेख बहुधा दोन भाषांत असतात. संस्कृत भागात राजाची वंशावळ, पराक्रम आणि देवाची स्तुती असते. ख्मेर भागात शेताच्या चतुःसीमा, भाताची मापे आणि माणसांची नावे असतात. रमेशचंद्र मजुमदार यांच्या पिढीने कंबुज देशाचे संस्कृत लेख मोठ्या आस्थेने छापले आणि वाचले, त्यांचे ऋण मान्यच आहे. पण संस्कृतवर थांबल्यामुळे कंबोडिया आपल्याला भारताची सावली वाटत राहिला. पावसाचा खंड ओळखणारे, मैदानाचा उतार मोजणारे आणि पंधरवड्याची पाळी लावणारे लोक त्या सावलीत दिसेनासे झाले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९८६ ते १९९३ या काळात, देश युद्धातून सावरत असताना, अंगकोर वाटची दुरुस्ती केली आणि नंतर ता प्रोमचे कामही हाती घेतले. या कामांचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. त्याने आता ख्मेर भागही वाचावा.

ही व्यवस्था कशी मोडली, हा या क्षेत्रातला सध्याचा सर्वांत जिवंत विषय आहे. मोडण्याचा एक नमुना फार आधी, दहाव्या शतकात मिळतो. चौथा जयवर्मन ९२८ च्या सुमारास राजधानी कोह केर इथे घेऊन गेला. तिथे नदी अडवायला सुमारे सात किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला. अलीकडे त्याची मोजमापे घेऊन केलेल्या अभ्यासात दिसले की सांडवा नदीच्या मानाने अपुरा होता, नेहमीच्या पावसाळ्याचा लोंढाही त्याला झेपला नसता, आणि बांध बांधल्यावर थोड्याच काळात फुटला असावा. ९४४ मध्ये दरबार अंगकोरला परतला. परतण्यामागे राजकारणही होते, पण फुटका बांध त्यात धरावाच लागेल. अंगकोरच्या मैदानात नद्या लहान आणि उतार मंद असल्याने चूक निभावत असे, कोह केरला ती निभावली नाही.

अंगकोरची स्वतःची मोडतोड सावकाश झाली. व्हिएतनामच्या डोंगरातल्या जुन्या वृक्षांच्या वाढकड्यांवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने चौदाव्या शतकाच्या मध्यापासून आणि पुन्हा पंधराव्याच्या सुरुवातीला दीर्घ अवर्षणे दाखवली, आणि अधूनमधून अतिशय जोरदार पावसाची वर्षेही. जमिनीत याची खूण वाचता येते. पाटात चर खणला आणि तळाशी बारीक चिखल लागला, तर तिथे पाणी संथ होते. त्यावर एकाएकी जाड वाळूचे थर आले, तर लोंढा वाट फोडून शिरला. दक्षिणेचा एक मोठा पाट अशा जाड वाळूने भरून गेलेला सापडला आहे. अंगकोर थोमच्या पूर्वेला स्पेआन थ्मा हा मंदिरांचे जुने दगड लावून बांधलेला पूल आहे. त्याखालून जाणारी नदी आता त्याच्या शेजारून, कित्येक मीटर खोल कापत गेलेली दिसते. नदी अशी खाली गेली की तिचे पाणी उंचावरच्या पाटात चढत नाही आणि पाट कोरडे पडतात. डॅन पेनी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये दाखवले की जाळे जितके जोडलेले, तितके एका जागचे अपयश पुढे पसरते. त्याच पेनींच्या दुसऱ्या अभ्यासात अंगकोर थोमच्या खंदकातला गाळ सांगतो की चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच शहराच्या मध्यभागी वावर कमी होत होता. म्हणजे १४३१ मध्ये अयुथयाच्या सैन्याने शहर घेतले, त्याच्या कितीतरी आधी दुरुस्तीला येणारी माणसे पांगू लागली होती. दुष्काळाने बांध फुटत नाही, दुरुस्त न झालेला बांध पुढच्या पुरात फुटतो.

हा विषय आज सिएम रीपमध्ये इतिहासाचा राहिलेला नाही. अंगकोर वाट वाळूच्या भरावावर उभे आहे आणि त्या वाळूतली ओल टिकून राहणे त्याच्या पायासाठी आवश्यक आहे. पर्यटकांच्या हॉटेलांसाठी भूजल उपसले जाते, तेव्हा ही ओल धोक्यात येते. २००९ ते २०११ मधल्या पुरांनंतर अंगकोरची देखभाल करणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाने जुने पाट, खंदक आणि बांध पुन्हा वाहते केले. जयतटाकात पुन्हा पाणी आले आणि पश्चिम बारायच्या पाण्यावर दक्षिणेकडची शेते आजही भिजतात. जुन्या मोऱ्या कुठे होत्या हे पोतिएच्या नकाशात शोधणारा अभियंता आणि शिलालेखात शोधणारा भाषातज्ज्ञ आता एकाच कामाला लागले आहेत.

या संग्रहात मंदिरांचे स्थापत्य जवळजवळ नाही आणि राजांची वंशावळ गरजेपुरतीच आहे. पाणी, भात आणि श्रम यांना वेगवेगळे भाग दिलेले नाहीत. एकाच तळ्यापासून सुरुवात करून तिन्हींकडे जाणारे लेख निवडले आहेत. जिथे अभ्यासकांचे मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू आपापल्या मोजमापांसह ठेवल्या आहेत, वाचकाने हिशेब स्वतः करून पाहावा यासाठी. वाचताना शेजारी मैदानाचा नकाशा ठेवावा आणि पाणी ईशान्येकडून नैऋत्येकडे जाते एवढे विसरू नये.

एक विनंती. सेदेसचे आठ खंड फ्रेंचमध्ये आहेत, आणि ख्मेर याद्यांतल्या हजारो नावांचा, कामांचा आणि भातमापांचा अभ्यास अजून पुष्कळ बाकी आहे. महाराष्ट्रात संस्कृत जाणणारे विद्यार्थी आहेत, तलावांवरच्या भातशेतीत वाढलेले तरुण आहेत, पाटबंधाऱ्यांवर आयुष्य घालवलेले अभियंते आहेत. त्यांच्यापैकी काहींनी जुनी ख्मेर शिकावी आणि लोलेईच्या चौकटींवरील याद्यांपासून सुरुवात करावी.